नसलेला बुरूज

मालवणच्या किनाऱ्यावर डिसेंबरातल्या सकाळी काढलेला एक कौटुंबिक फोटो मोठा करून फ्रेम करण्यासाठी आमच्या स्टुडिओत आला. पाठीमागे सिंधुदुर्ग होता आणि तटाच्या नेमका पुढे छत्री घेतलेला एक अनोळखी पर्यटक. त्याला काढायचे होते. आमच्याकडच्या मुलाने त्याच्याभोवती रेघ मारून फोटोशॉपमधले Content-Aware Fill चालवले. जोड कुठेही दिसेना. मात्र गिऱ्हाईक म्हणजे किल्ल्यावर होडीने माणसे नेण्यात आयुष्य घालवलेले आजोबा. पडद्यावर बोट ठेवून ते म्हणाले, “अरे, हयसर बुरूज नाय.” शेजारच्याच बुरुजाची नक्कल छत्रीच्या जागी उभी राहिली होती. या सोयीला आसपासचे ठिपके जुळवून जागा भरता येते, छत्रीमागे काय होते हे तिला कळण्याचा मार्गच नाही. नव्या मुलांना मात्र जोड दिसला नाही की काम झाले असे वाटते.

त्याच सकाळचे इतर फोटो मी मागवले, पण बहुतेक चेहऱ्यांचेच निघाले. आमच्या संग्रहात याच जागेवरून मे महिन्यात काढलेला स्वच्छ फोटो होता, तरी तो निरुपयोगी ठरला. डिसेंबरात सूर्य आग्नेयेकडे उगवतो आणि मेमध्ये ईशान्येकडे. त्यामुळे मूळ फोटोत बुरुजांची जी बाजू सावलीत होती, ती मेच्या फोटोत उजळलेली होती. फोटो आडवा उलटवावा, तर बुरुजांचा क्रमच उलटतो. शेवटी नंतरच्या एका डिसेंबरातला फोटो सापडला. तो त्याच जागेवरून काढला आहे का, हे पाहण्यासाठी मी पाण्यातल्या जवळच्या खडकाचे टोक तटाच्या कोणत्या भेगेखाली येते ते दोन्हींत ताडले. कॅमेरा थोडा बाजूला सरकला असता तर हे टोक तटाच्या मानाने सरकले असते, आणि ती चूक फोटो लहानमोठा करून निघत नाही.

तो फोटो वरच्या थरात ठेवून दोन थरांतला फरक दाखवणारे Difference लावले, की जुळलेला भाग काळा पडतो आणि न जुळलेल्या कडा उजळ दिसतात. एकमेकांपासून दूर असलेले दोन बुरूज काळे होईपर्यंत आकार आणि कल बदलला, मग फक्त छत्रीमागचा तट उघडा ठेवून बाकीचे मास्कने झाकले. मास्कची कड दगडांच्या सांध्यांतून नेली, कारण सपाट दगडावरून गेलेली कड मोठ्या प्रिंटमध्ये उघडी पडते. नवा तुकडा जास्त रेखीव होता, म्हणून तो किंचित धूसर करून त्यावर मूळ फोटोइतकेच दाणे चढवले. पाणी मात्र मूळ फोटोतलेच शेजारून घेतले. लाट दोनदा सारखी येत नाही, तिथे पुरावा मागण्यात अर्थ नाही. वाळूवर पडलेली त्या माणसाची सावलीही पुसावी लागली.

अडलो तो तटावरून डोकावणाऱ्या माडापाशी. मधल्या काळात तो वाढला होता, आणि मूळ फोटोत त्याचा शेंडा छत्रीआड गेला होता. आजोबांच्या नातवाच्या त्या सकाळच्या सेल्फीत तोच शेंडा अस्पष्ट दिसत होता. त्यावरून उंची ठरवली आणि झावळ्या नंतरच्या फोटोतून घेतल्या. आजोबांनी माडाकडे पाहिले, बुरूज मोजले आणि प्रिंट काढायला सांगितली. त्या झावळ्या त्या सकाळच्या नाहीत, हे मी त्यांना सांगितले.