सांगली ते मिरज, व्हाया बेंगळुरू

विश्रामबागेत माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे. तिथं सकाळी दहाला एक आर्किटेक्ट मॅडम आल्या, हातात जुना लॅपटॉप, आणि आल्या आल्याच म्हणाल्या, "दादा, आज चार वाजता मिरजेला क्लायंटला बंगला दाखवायचाय, आणि हे माऊस हलवलं की अर्ध्या सेकंदानं हलतंय, काहीतरी करा."

प्रकार असा होता की त्यांच्या घरी चांगला दणकट पीसी आहे, RTX 3060 टाकलेला, त्यावर लुमियनमध्ये बंगल्याचं थ्रीडी मॉडेल केलंय. लॅपटॉप मात्र चौथ्या पिढीचा i3, त्यावर लुमियन उघडणार पण नाही. मग पुतण्यानं पीसीवर सनशाइन आणि लॅपटॉपवर मूनलाइट बसवून दिलेलं. तो ह्याच्यावर गेम खेळतो, बाहेर असला की घरचा पीसी मोबाईलवर घेऊन. पीसी स्क्रीनचा व्हिडिओ करून पाठवतो, लॅपटॉप नुसता तो व्हिडिओ उलगडून दाखवतो आणि माऊस-कीबोर्ड परत पाठवतो, एवढंच. मॉडेल फिरवायचं सगळं ओझं पीसीवर, म्हणून लॅपटॉप किरकोळ असला तरी चालतो असं म्हणतात. आता हे "उलगडून" म्हणजे किती किरकोळ, तिथंच गोची होती.

मॅडमची खात्री होती की नेट स्लो आहे. सगळ्यांचीच असते. मी म्हटलं चला घरी, पीसी बघितल्याशिवाय कळायचं नाही. घर शंभर फुटी रोडच्या आतल्या बाजूला, पीसी राउटरला केबलनं जोडलेला, म्हणजे तिकडं काही बोलायला जागा नाही. लॅपटॉपवर मूनलाइट चालू केलं आणि Ctrl+Alt+Shift+S दाबलं. ह्यानं कोपऱ्यात आकड्यांची पाटी येते आणि उशीर नेमका कुठं होतोय ते तिथं वेगवेगळं लिहिलेलं असतं. माझ्याकडं असला कोणी आला की मी आधी ही पाटी बघतो, स्पीड टेस्ट नंतर.

पाटीवर नेटवर्कचा उशीर सरासरी 4 मिलिसेकंद. पीसीला चित्र बनवून पाठवायला 6. आणि खाली डिकोडिंगचा वेळ, 31 मिलिसेकंद. आता सेकंदाला 60 फ्रेम मागवल्यात म्हणजे दर 16.7 मिलिसेकंदाला एक नवी फ्रेम दारात येऊन उभी राहणार, आणि लॅपटॉपला एक उलगडायला लागतायत 31. म्हणजे आत 60 येतायत आणि बाहेर कसंबसं 32 पडतायत, उरलेल्या तुंबतायत किंवा टाकून दिल्या जातायत. नेट कितीही फास्ट घेतलं असतं तरी हे सुधारलं नसतं, आणि मॅडम तर महिन्याला जास्त पैशाचा प्लॅन घ्यायला निघाल्या होत्या.

सेटिंगमध्ये गेलो तर कोडेकला, म्हणजे व्हिडिओ आवळून पाठवायच्या पद्धतीला, HEVC पक्कं करून ठेवलेलं. पुतण्यानं कुठंतरी बघितलेलं की HEVC ला क्वालिटी भारी येते. ते खरंय, तेवढ्याच डेटात HEVC चं चित्र जास्त स्वच्छ असतं, पण ह्या पिढीच्या इंटेलच्या ग्राफिक्समध्ये HEVC उलगडायचं सर्किटच नाही, ते नीट आलं सहाव्या पिढीपासून. मग ते काम बिचाऱ्या दोन कोरच्या प्रोसेसरला नुसत्या सॉफ्टवेअरनं रेटावं लागतं. मूनलाइट सुरू होताना तसा इशारा देतं पण, मॅडम म्हणाल्या, "ते येतंय होय, मी ओके दाबते." कोडेक H.264 केलं, डिकोडिंगला सक्तीनं हार्डवेअर निवडलं, परत चालू केलं आणि 31 चे झाले 3. पंखा पण शांत झाला. मॅडमनी मॉडेल गरागरा फिरवलं आणि म्हणाल्या, "झालं की!" मी म्हटलं, घरात झालं, मिरज अजून लांब आहे.

माझंही चुकलंच एका ठिकाणी. मला वाटलं मिरज म्हणजे दहा किलोमीटर, मोबाईलचं नेट चांगलं, पुतण्यानं टेलस्केल टाकून दोन्ही मशीन एका जाळ्यात बांधलेली आहेतच, चालेल. तरी मॅडमचा चेहरा बघून बरोबर गेलो, नाहीतर फोनवरच निभावणार होतो.

अडीचला क्लायंट डॉक्टरांच्या हॉलमध्ये बसलो. मॅडमच्या फोनचा हॉटस्पॉट, लॅपटॉप त्याला जोडला, स्ट्रीम सुरू. आणि आता वेगळंच दुखणं. दोन-तीन सेकंद बरं चालायचं, मग चित्र थिजायचं, मग अडकलेलं सगळं एकदम धावत यायचं. पाटीवर डिकोडिंग 3 च, पण नेटवर्क 90 च्या पुढं आणि सारखं वर-खाली. आधी वायफाय काढून टाकलं, फोन केबलनं लावून यूएसबी टिथरिंग केलं, त्या जुन्या लॅपटॉपला 2.4 गिगाहर्ट्झच फक्त कळतं आणि त्या गल्लीत वीसेक वायफाय दिसत होते. वर-खाली थोडं कमी झालं, थिजणं तसंच. मग हे मारलं:

```
tailscale ping office-pc
pong from office-pc (100.101.12.7) via DERP(blr) in 94ms
```

DERP म्हणजे टेलस्केलचा मधला रिले, आणि blr म्हणजे बेंगळुरू. मॅडमना सांगितलं तर त्यांना पटेना, सांगलीच्या घरातून मिरजेच्या हॉलमध्ये चित्र यायला बेंगळुरूला जाऊन येतंय. दोन्हीकडं कंपन्यांनी शेकडो गिऱ्हाईकं एकाच बाहेरच्या पत्त्यामागं बसवलेली असतात, घरच्या राउटरचा बाहेरचा पत्ता 100.64 ते 100.127 च्या पट्ट्यातला दिसला की समजायचं आपला स्वतःचा पत्ता नाही, राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, उपयोग शून्य. अशा दोन बंद दारांमध्ये टेलस्केलला सरळ वाट सापडली नाही की ते रिलेवर जातं. आणि ह्या रिलेचा खरा त्रास लांबीचा कमी आणि स्वभावाचा जास्त आहे. स्ट्रीम एरवी यूडीपीवर चालतं, एखादं पाकीट हरवलं तर हरवलं, पुढची फ्रेम आलीच. रिले टीसीपीवर चालतो, तिथं एक पाकीट हरवलं की ते परत येईपर्यंत मागची सगळी रांग थांबते. म्हणून ते थिजणं आणि मग धावत येणं. नुसतं लांबचं नेट असतं तर सगळंच सारखं उशिरा आलं असतं, असं हिसके देत नसतं.

आता उपाय एकच सुचला. मोबाईलला IPv6 मिळत होतं, `tailscale netcheck` मध्ये `IPv6: yes` आलं. IPv6 मध्ये प्रत्येक मशीनला स्वतःचा पत्ता असतो, ही एका पत्त्यामागं लपायची भानगडच नाही. घरचा ब्रॉडबँडवाला IPv6 देतो हे मला दुसऱ्या गिऱ्हाईकाकडून माहीत होतं, फक्त राउटरमध्ये ते बंद ठेवलेलं असतं. पण राउटर सांगलीत आणि मी मिरजेत. मग त्याच हिसके खाणाऱ्या स्ट्रीममधून पीसीचा ब्राउझर उघडला, 192.168.1.1 ला गेलो, एकेक क्लिक करून मोजून दोन सेकंद थांबायचं असं करत IPv6 चालू केलं आणि सेव्ह दाबलं. राउटर रीबूट. स्क्रीन काळी. म्हणजे ज्या फांदीवर बसलो तीच तोडली. परत उठला नाही तर स्कूटर काढून विश्रामबागेत पळायचं आणि चारच्या आत परत यायचं. साडेतीन मिनिटं लागली त्याला, मी घड्याळाकडंच बघत होतो.

मग परत तीच कमांड, आणि DERP च्या जागी चौकोनी कंसात लांबलचक IPv6 पत्ता आला, वेळ 34 मिलिसेकंद. दहा किलोमीटरला 34 म्हणजे पण बरंच फिरून येतंय, मोबाईल कंपनी आणि ब्रॉडबँडवाल्याची गाठ जिथं पडते तिथून वळसा घेऊनच येणार, पण हिसके गेले. बिटरेट 20 वरून 10 एमबीपीएस केला, रिझोल्यूशन 720 वर आणलं, डॉक्टरांच्या टीव्हीवर थोडं मऊ दिसलं, चालण्यासारखं होतं. हात हलवल्यापासून डोळ्याला दिसेपर्यंत सगळं मिळून साठ मिलिसेकंदांच्या आसपास धरा. घरात फिरून खोल्या दाखवायला हे छान, पुतण्याच्या गोळीबाराच्या गेमला मात्र नाही, तो लगेच शिव्या देईल.

चहा आला, बरोबर भडंग. मॅडमनी बॅटरी वाचवायला स्ट्रीम बंद केलं. चारला दहा कमी असताना परत लावलं, आणि:

```
Failed to initialize video capture/encoding. Is a display connected and turned on?
```

मॅडम पांढऱ्या पडल्या. मी मात्र वाचून हसलो, कारण प्रश्न अगदी सरळ विचारलाय त्यानं. मॅडमनी सासूबाईंना फोन लावला, "आत्या, माझ्या खोलीतला कॉम्प्युटरचा पडदा चालू आहे काय?" तिकडनं आवाज, "अगं कोणीच नव्हतं आणि ते आपोआप हलत होतं, मी बंद करून ठेवलं, लाईट बिल किती येतंय बघितलंस का?"

मी स्ट्रीममधून राउटरच्या पानावर क्लिक करत होतो ते त्यांनी मागं उभं राहून बघितलेलं. त्यांनी पीसीला हात लावला नव्हता, नुसतं मॉनिटरचं बटण दाबलं. पण हा मॉनिटर डिस्प्लेपोर्टनं जोडलेला, आणि असे बरेच मॉनिटर बटण बंद केलं की विंडोजच्या दृष्टीनं वायर उपटल्यासारखेच. पडदाच नाही तर सनशाइन चित्र कशाचं घेणार? आत्यांनी बटण परत दाबलं, तीन वाजून चोपन्न मिनिटांनी बंगला दिसायला लागला.

डॉक्टर आले, पाऊण तास मॅडमनी त्यांना अंगणापासून गच्चीपर्यंत फिरवलं. मधल्या भानगडीचा त्यांना पत्ता नाही, त्यांनी एकच विचारलं, देवघराचं तोंड पूर्वेला करता येईल का.

दुसऱ्या दिवशी पीसीला एचडीएमआयचा डमी प्लग लावून दिला, बोटाएवढी वस्तू, पीसीला वाटतं मॉनिटर लावलाय. आत्या म्हणाल्या, "एवढ्याशा बोंडाला पडदा म्हणायचं होय?" आणि संध्याकाळी मॅडमचा फोन, लुमियन चालू होतंय पण खिडकी कुठंच दिसत नाही. दोन पडदे झाले ना आता, खिडकी त्या नसलेल्या पडद्यावर जाऊन बसली होती. Win+P दाबून Duplicate करायला सांगितलं.