आमची वाटचाल : पंखा, पाऊस आणि मिठाचा डबा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं दुकान आहे. सुरुवातीची सगळी वर्षं आम्ही पाण्याच्या मोटरचे स्टार्टर आणि टाकीचे ऑटो स्विच केले. टाकी अर्ध्याखाली गेली की मोटर चालू, भरली की बंद. करवीर, कागल, हातकणंगले, जिथं बोअर तिथं आमचा निळा डबा. कोविडनंतर हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांबद्दल लोक विचारायला लागले, तेव्हा माझा पुतण्या म्हणाला, "काका, हे आपलंच काम हाय की. पाण्याच्या जागी धूळ धरायची, मोटरच्या जागी पंखा."

मलाही ते पटलं. पुढची दोन वर्षं आम्ही जो मार खाल्ला, तो त्या एका वाक्यामुळं. टाकीतलं पाणी अर्धं आहे म्हणजे अर्धंच असतं. धुळीचा आकडा तसा नसतो, हे कळायला एक पावसाळा जावा लागला.

यंत्र साधंच होतं. पत्र्याची पेटी शेजारच्या शेडमध्ये वाकवून घ्यायची, आत हेपा फिल्टर, मागं पंखा. धूळ मोजायला लेझरचा छोटा सेन्सर, त्याचे आकडे वाचायला ईएसपी३२ चा बोर्ड आणि पंखा चालू-बंद करायला रिले. पीएम २.५ म्हणजे हवेतली अगदी बारीक धूळ. तिचा पाच मिनिटांचा सरासरी आकडा ४५ च्या वर गेला की पंखा चालू, २५ च्या खाली आला की बंद. मधल्या पट्ट्यात पंखा आहे त्याच अवस्थेत ठेवायचा, आणि एकदा चालू झाला की किमान पंधरा मिनिटं थांबवायचा नाही. हे सगळं टाकीच्या अनुभवातून आलेलं. एकाच आकड्यावर चालू-बंद ठेवलं तर पाणी हिंदकळलं तरी रिले टकटक करत बसतो. सरकारी मानकात पीएम २.५ ची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. आम्ही तिच्या जरा आतच राहिलो.

पहिली चूक जागेची. सेन्सर आम्ही पेटीच्याच कडेला बसवला होता, दिसायला सुटसुटीत. पंखा चालू झाला की शुद्ध झालेली हवा पेटीभोवती घुटमळायची, सेन्सर तीच ओढायचा आणि चार मिनिटांत आकडा वीसवर यायचा. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, पलंगाजवळ, तेव्हाही सत्तर असायचे. पंधरा मिनिटं झाली की पंखा बंद, थोड्या वेळानं पुन्हा चालू. आपणच तोंड धुवायचं आणि आपल्याच आरशात बघून गाव स्वच्छ झालं म्हणायचं, तसला प्रकार. मग सेन्सरची वेगळी डबी केली आणि चार-पाच मीटर वायर सोडली. ती पेटीच्या समोरच्या भिंतीवर, झोपलेल्या माणसाच्या उशापेक्षा थोडी वर, साधारण तीन-चार फुटांवर लावायची. देव्हाऱ्याशेजारी नको, कारण उदबत्तीच्या धुराची एक रेघ गेली तरी आकडा शंभर ओलांडतो. स्वयंपाकघराच्या दाराच्या रेषेत नको. छताच्या पंख्याचा झोत थेट तोंडावर येईल तिथं नको, कारण सेन्सरच्या आत हवा ओढायला नखाएवढा पंखा असतो आणि बाहेरचा झोत त्याचं गणित बिघडवतो.

हे सगळं निस्तरलं आणि जुलै लागला.

मंगळवार पेठेतल्या एका काकूंचा फोन. त्यांना दम्याचा त्रास, म्हणून मुलानं यंत्र बसवून घेतलेलं. "अहो, तुमचं यंत्र रात्रभर घुरघुरतंय. दिवसा गप, रात्री सुरू. मला झोप न्हाई बघा." मी म्हणालो, काकू, रात्री कुणी शेकोटी वगैरे करत असेल. त्या म्हणाल्या, "चार दिवस पाऊस थांबला न्हाई, शेकोटी कोण पेटवणार?" मुद्दा बिनतोड होता.

बोर्डातली नोंद काढली. रात्री दोन वाजता पीएम २.५ चा आकडा ८२. सलग चार दिवस पडणाऱ्या पावसात, खिडकी जरा किलकिली, आणि धूळ ८२? दुपारी ऊन चमकून गेलं होतं तेव्हा हाच आकडा वीसच्या आसपास.

लेझरचा सेन्सर धूळ तोलत नाही, हे आम्हाला माहीत होतं पण उमगलं नव्हतं. आत हवेची बारीक धार लेझरच्या किरणातून जाते, कणावर प्रकाश पडून तो बाजूला फाकतो आणि तिथला डोळा ती चमक टिपतो. चमकांची संख्या आणि तेज यांवरून कण केवढे, किती, आणि मग त्यांचं वजन किती असेल असा हिशेब होतो. हवेतल्या बऱ्याच बारीक कणांत क्षार असतात. पावसाळ्यात डब्यातलं मीठ पाणी धरतं, तसे हे कणही दमट हवेतलं पाणी पिऊन फुगतात. फुगलेला कण जास्त चमकतो आणि सेन्सर ते सगळं पाणी धुळीच्या खात्यात मांडतो. सरकारी केंद्रांवरची महाग यंत्रं म्हणूनच आत येणारी हवा आधी थोडी तापवून कोरडी करतात.

खात्री करायची म्हणून आम्ही काकूंच्या खोलीत दोन सेन्सर शेजारी शेजारी ठेवले. एकाला खोलीतली हवा तशीच. दुसऱ्याच्या तोंडाला वीतभर स्टीलची नळी, बाहेरून नायक्रोमची तार गुंडाळलेली, आतली हवा दहा अंशांनी गरम होईल एवढाच करंट. ९१ टक्के आर्द्रतेची २५ अंशांची हवा ३५ पर्यंत तापवली की तिची आर्द्रता ५१ टक्क्यांच्या आसपास उतरते. रात्री दोन वाजता पहिल्या सेन्सरवर ८२, दुसऱ्यावर ३४. काकू कॉटवर बसून दोन्ही आकडे बघत होत्या. "मग खरा कुठला?" खरा चौतीसच्या जवळपासचा, म्हणजे पंखा चालू व्हायलाच नको होता.

गरम नळी प्रत्येक घरात द्यायची तर वीज लागते आणि जास्त तापली तर काही कण वाफ होऊनही जातात. म्हणून आर्द्रता मोजून आकडा दुरुस्त करायचा मार्ग धरला. अशा सेन्सरसाठी वापरतात तेच सूत्र :

```
float h = constrain(rh, 1, 90) / 100.0;
float c = 1 + (k / 1.65) / (1 / h - 1);
float pm = pmRaw / c;
```

`k` म्हणजे कण किती पाणी पितो ते, आम्ही ०.३ धरला. आर्द्रता ५० टक्के असेल तर `c` १.१८ येतो, म्हणजे फारसा फरक नाही. ७० ला १.४२. ९० ला थेट २.६४, आणि ९५ ला ४.४५. शेवटच्या पाच टक्क्यांत सूत्र उधळतं. आर्द्रतेच्या सेन्सरचीच चूक दोन-तीन टक्क्यांची असते, म्हणून वरची मर्यादा ९० ला बांधून टाकली. काकूंच्या ८२ ला २.६४ ने भागलं की ३१ येतात. गरम नळीच्या चौतीसशी जमलं.

कागदावर जमलं. डबी लावली तर दुरुस्त आकडा ५२ दाखवायला लागला आणि पंखा पुन्हा रात्रभर! पुतण्या दोन दिवस प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसला. चूक प्रोग्रॅमची नव्हतीच. आर्द्रतेचा सेन्सर आम्ही ईएसपी३२ च्या शेजारी, त्याच बंद डबीत बसवला होता. बोर्ड तापतो, डबीतली हवा खोलीपेक्षा तीन अंशांनी गरम. त्या गरम हवेत ९१ ची आर्द्रता ७६ दिसते. ७६ ला `c` फक्त १.५८, आणि ८२ भागिले १.५८ म्हणजे ५२. सेन्सर खोटं बोलत नव्हता, तो आपल्या खोलीचं खरं सांगत होता. फक्त त्याची खोली काकूंची नव्हती.

आता आर्द्रतेचा सेन्सर डबीच्या खालच्या टोकाला वेगळ्या कप्प्यात, जाळीमागं असतो आणि बोर्ड वरच्या कप्प्यात, म्हणजे त्याची गरम हवा वरून निघून जाते. डबी भिंतीपासून बोटभर सुटी. पेठेतल्या जुन्या घरांत पावसाळ्यात भिंतीला ओल येते आणि चिकटून लावलेली डबी खोलीची नव्हे, भिंतीची आर्द्रता मोजते.

तपासणीची सोय मात्र स्वयंपाकघरात सापडली. हवाबंद प्लॅस्टिकच्या डब्यात वाटीभर मीठ घ्यायचं आणि ओल्या वाळूसारखं होईल एवढंच पाणी घालायचं. मीठ विरघळून संपता कामा नये. झाकण लावून रात्रभर ठेवलं की आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते, साध्या खोलीच्या तापमानाला त्यात फारसा फरक पडत नाही. आमचा प्रत्येक सेन्सर एक रात्र त्या डब्यात काढतो. ७२ ते ७८ च्या बाहेर गेला तर परत. बायकोला तिचा लोणच्याचा डबा अजून मिळालेला नाही.

डिसेंबरात आम्ही पुन्हा तोंडावर पडलो. पंचगंगेच्या पट्ट्यातल्या एका गावात, गुऱ्हाळापासून हाकेच्या अंतरावर एक यंत्र दिलं होतं. पहाटे धुकं, चुलवाणात चिपाडं पेटलेली, घरात धूर डोळ्यांना झोंबतोय आणि पंखा ढिम्म. घरमालक वैतागले, आणि बरोबरच होतं. नोंदीत कच्चा आकडा ९५, आर्द्रता ८८. सूत्रानं २.३३ ने भागून ४१ केले, म्हणजे ४५ च्या खाली. पण चिपाडाचा धूर क्षाराइतकं पाणी पीत नाही. त्याला `k` ०.१ धरला तर भागाकार १.४४ चा होतो आणि आकडा ६६ येतो. पेठेतल्या पावसाळी हवेवर बसवलेला `k` आम्ही गुऱ्हाळाच्या धुरावर लादला होता.

कुठल्या क्षणी हवेत काय आहे हे असला सेन्सर सांगू शकत नाही. पण वेग सांगतो. आर्द्रता रात्रभरात हळूहळू चढते आणि तिच्यामुळं फुगलेला आकडाही तसाच सावकाश चढतो. धूर मात्र मिनिटांत येतो. म्हणून आता दुसरा नियम आहे. दहा मिनिटांत कच्चा आकडा वीसपेक्षा जास्त वाढला आणि त्याच वेळात आर्द्रता दोन टक्क्यांहून जास्त हलली नाही, तर सूत्र काय म्हणतंय ते न बघता पंखा चालू. हळूहळू साचणारा धूर या नियमातून निसटतो, म्हणून गुऱ्हाळाच्या आसपासच्या घरांना हंगामात `k` ०.१ वर ठेवूनच देतो. पावसाळ्याआधी आमचा माणूस जाऊन बदलून येतो.

काकूंच्या यंत्राची नोंद गेल्या पावसाळ्यात पुन्हा काढली. अख्ख्या जुलैत पंखा रात्री फक्त दोनदा चालू झाला होता. एकदा पावणेदहाला, एकदा दहाला. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "मच्छर कॉइल लावली हुती. दम्याला बरी नसते म्हणतात, म्हणून पोराला सांगितलं न्हवतं. तुम्हीबी सांगू नका."