एका स्टोलचे पंधरा दिवस

वेंगुर्ल्याजवळ एका घरात हातमागावर सुती स्टोल विणतात आणि ते परदेशातल्या छोट्या दुकानांना विकतात. त्यांच्या वेबसाइटवरचं ‘आमची गोष्ट’ हे पान तपासायला मी गेले होते. पानाचं पहिलंच वाक्य होतं, ‘प्रत्येक स्टोल विणायला पंधरा दिवस लागतात.’ जर्मनीतल्या एका दुकानदाराने त्यावर साधा प्रश्न विचारला होता: मग महिन्याला वीस स्टोल कसे पाठवता?

हिशेब मागाशी बसूनच केला. मागावरच्या कापडात एका इंचात चव्वेचाळीस बाणे, म्हणजे आडवे धागे, होते. दोन मीटरचा स्टोल म्हणजे जवळजवळ ऐंशी इंच, म्हणून धोटा सुमारे साडेतीन हजार वेळा फेकायचा. सलग विणताना वेग बराच असतो. पण धोट्यातली कांडी संपते, ताण्याचा उभा धागा तुटतो, तो गाठ मारून फणीतून पुन्हा ओढावा लागतो. सगळं धरलं की मिनिटाला पंचवीस बाण्यांच्या आसपास सरासरी पडते, म्हणजे एका स्टोलला दोन तास वीस मिनिटं. दिवसाला दोन स्टोल सहज होतात.

तरीही विणणाऱ्या काकांना ‘पंधरा दिवस’ खोटं वाटत नव्हतं. ते म्हणाले, “एकच स्टोल नाय, अख्खी ताणी बघूक व्हयी.” तिथेच खरं उत्तर होतं. तीस मीटरच्या ताण्यात, दोन स्टोलांमधली दशांची जागा आणि शेवटी वाया जाणारा तुकडा सोडला, तर तेरा स्टोल बसतात. ते विणायला साडेसहा दिवस जातात. त्याआधी लडी धुणं, खळ देणं, वाळवणं, ताणा मांडणं आणि जुन्या ताण्याच्या प्रत्येक टोकाला नवा धागा जोडणं, यात कोरड्या हवेत एका माणसाचे पाच दिवस जातात. बेरीज केली तर एका स्टोलमागे जवळजवळ एक दिवस येतो. कांड्या भरणाऱ्या काकूंचं काम त्याहून वेगळं. म्हणून पानावर आता लिहिलं आहे, ‘तेरा स्टोलांचा एक ताणा, सुमारे दोन आठवड्यांचं काम.’ परदेशी गिऱ्हाइकाला हे वाक्य पडताळता येतं, आणि किंमत का तेवढी आहे हेही त्यातून कळतं.

दुसरं वाक्य ‘अस्सल खादी’. ते काढून टाकलं. 1956च्या खादी आयोगाच्या कायद्यानुसार हाताने कातलेल्या सुताचं हातमागावर विणलेलं कापड म्हणजे खादी. या घरात सूत गिरणीचं येतं, लडीच्या रूपात. विणकाम हाताचंच आहे, म्हणून ‘हातमागावर विणलेलं’ हे शंभर टक्के बरोबर. ‘खादी’ मात्र नाही, आणि तो शब्द विक्रीसाठी वापरायला आयोगाची परवानगी लागते.

तिसरं वाक्य ऐकायला छान होतं, पण धोक्याचं: ‘काठावरची बारीक छिद्रं हीच हातमागाची खूण.’ विणताना कापडाची रुंदी ताणून धरणाऱ्या पट्टीच्या टोकाच्या सुयांची ती छिद्रं असतात. यंत्रमागावरही कापड ताणून धरणारं साधन असतं आणि तेही काठावर खुणा सोडतं. त्यामुळे यावरून कापड हातमागाचं आहे हे सिद्ध होत नाही. त्यापेक्षा मागाचा, धोट्याचा आणि त्याच ताण्याचा फोटो देणं जास्त कामाचं. तो दिला.

सगळ्यात जास्त वेळ मात्र पानावर नसलेल्या गोष्टीवर गेला, तो पावसाळ्यावर. तांदळाच्या पेजेची खळ जून ते सप्टेंबर नीट वाळत नाही. ओलसर खळीत धागे एकमेकांना चिकटतात आणि फणीतून सरकताना तुटतात. बोटांत घेऊन धागा चोळला आणि तो मऊ, चिकट लागला किंवा आंबूस वास आला, तर ताणा अजून तयार नाही, हे काका हातानेच ओळखतात. तसाच विणला तर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते धुऊन सहसा जात नाहीत. तयार स्टोल थोडा दमट असताना प्लास्टिकच्या पिशवीत बंद केला, तर जहाजाच्या प्रवासात तेच होतं.

म्हणून पानाच्या तळाशी दोन ओळी आल्या: ‘पावसाळ्यात ताणा तयार व्हायला नऊ दिवसही लागतात, त्यामुळे जूननंतरच्या ऑर्डरीला वेळ जास्त द्यावा. माल पूर्ण सुकवून, कागदात गुंडाळून पाठवला जातो.’ काकांनी त्यात एक भर सुचवली: पहिल्या धुण्यात खळ निघून जाते, कापड मऊ होतं आणि थोडं आटतं, हे आधीच सांगा. किती आटतं हे धुऊन मोजण्यासाठी एक स्टोल संध्याकाळी पाण्यात टाकला.