‘पुढे’ म्हणजे नेमकं कुठून?

सोसायटीच्या सचिवांचा फोन आला तेव्हा तक्रार एका वाक्याची होती. “अहो, मी पुढचं मागतोय आणि हे मागचंच देतंय.” वार्षिक सभेचं इतिवृत्त तयार करायला त्यांनी आमच्या चॅट-मदतनिसाला अठरा मुद्द्यांचं टिपण दिलं होतं. उत्तर मध्येच तुटलं. त्यांनी ‘पुढे’ एवढंच टाइप केलं. पुन्हा तुटलं, पुन्हा ‘पुढे’. “पहिल्यांदा कुठे थांबलं होतं?” असं विचारलं तर म्हणाले, “लिफ्टपाशी कुठेतरी.”

नोंदी काढल्या. पहिलं उत्तर ठराव क्रमांक ११ मध्ये संपलं होतं. शेवटचे शब्द असे: “सर्वांत कमी दराचे दरपत्रक मंजूर कर”. ‘करण्यात’मधला ‘कर’ आला आणि गाडी थांबली. उत्तरासोबत थांबण्याचं कारण येतं, ते होतं `max_tokens`. आम्ही एका उत्तराला २०४८ टोकनांची मर्यादा घातली होती. ती आखली तेव्हा चाचण्या इंग्रजी मजकुरावर झाल्या होत्या. देवनागरीत मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं असतात आणि प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. त्यामुळे तोच आशय मराठीत लिहिताना साधारणपणे जास्त टोकनं लागतात. इंग्रजीत जे इतिवृत्त एका दमात झालं असतं ते इथे अकराव्या ठरावावर अडकलं.

तुटणं समजलं. पण दुसरं उत्तर ठराव ११ पासून सुरू व्हायला हवं होतं, ते ठराव ४ च्या मधूनच सुरू झालं आणि १४ पर्यंत गेलं. तिसरं ८ च्या मधून सुरू होऊन १८ पर्यंत. सचिवांनी तिन्ही तुकडे एकाखाली एक चिकटवले, त्यामुळे ८ ते ११ हे ठराव फाइलमध्ये तीन-तीनदा आले होते.

मॉडेल विसरलं, असा पहिला अंदाज सगळ्यांचाच असतो. मॉडेलला विसरायला काही आठवतच नसतं. दर वेळी आपण मागचं संभाषण पुन्हा पाठवतो, तेवढंच त्याच्यासमोर असतं. म्हणून आधी बघायचं ते हे, की दुसऱ्या वेळी आपण प्रत्यक्षात काय पाठवलं. ते पाहिलं आणि खर्च वाचवायला कधीतरी घातलेल्या या ओळी सापडल्या:

```python
for m in history:
    if m["role"] == "assistant":
        m["content"] = m["content"][:1500]
```

जुन्या प्रत्येक उत्तराची पहिली १५०० चिन्हं ठेवायची, बाकी टाकून द्यायची. टिपण वापरणाऱ्याचं म्हणून ते पूर्ण जात होतं, उत्तरं मात्र कापलेली. पंधराशेवं चिन्ह ठराव ४ मध्ये पडत होतं. म्हणजे मॉडेलच्या लेखी उत्तर चौथ्या ठरावातच तुटलेलं होतं आणि त्याने तिथूनच पुढे लिहिलं. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. तिसऱ्या वेळी दुसरं उत्तरही पंधराशेवर कापलं गेलं, ते ८ मध्ये संपलं, म्हणून ८ पासून सुरुवात. इतके दिवस हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण रोजची उत्तरं पंधराशे चिन्हांच्या आतच मावत होती.

सचिवांसाठी उत्तर जिथे थांबलं ती जागा पडद्यावर होती, मॉडेलसाठी ती पाठवलेल्या इतिहासात होती. ‘पुढे’ या शब्दात दोन्हीपैकी एकही जागा लिहिलेली नसते. ती आपल्या प्रणालीनेच सांगावी लागते.

पुनरुक्ती कंटाळवाणी, पण निस्तरता येते. खरा धोका ठराव ९ मध्ये होता. टिपणात “७ व १२ नंबरच्या सभासदांनी मांडला” एवढंच होतं. पहिल्या तुकड्यात सूचक ७ आणि अनुमोदक १२ होते, दुसऱ्यात नेमके उलटे. मजकूर पुन्हा निर्माण झाला की तो शब्दशः तोच येईल याची खात्री नसते. टिपणात संदिग्धता असेल तिथे तर नक्कीच नसते.

दुरुस्ती करताना कापणीची ओळ बदलली. सर्वांत अलीकडचं उत्तर आता पूर्ण जातं, आणि त्याआधीची कापायचीच असतील तर शेपूट ठेवून डोकं कापलं जातं. मर्यादा ४०९६ केली. त्याने तुटणं कमी झालं, पण कितीही वाढवली तरी कुणीतरी चाळीस ठरावांचं टिपण घेऊन येणारच.

मग सांधा जोडण्याचा प्रश्न आला. जुना मजकूर “मंजूर कर” वर संपला आणि नवा “ण्यात आले” ने सुरू झाला तर मध्ये जागा न सोडता जोडायचं. पण मॉडेल अनेकदा अर्धा शब्द पूर्ण करत नाही, अख्खा शब्द नव्याने लिहितं आणि “मंजूर करकरण्यात आले” तयार होतं. जुन्याची शेपटी आणि नव्याचं डोकं जुळतंय का ते तपासून जुळणारा भाग गाळता येतो. मात्र एक-दोन अक्षरांची जुळणी निव्वळ योगायोगाचीही असते, आणि तेव्हा बरोबर असलेलं अक्षर गळतं. शिवाय कडेच्या मोकळ्या जागा छाटण्याची सवय इथे नडते. शब्दांमधलीच जागा उडते आणि “मंजूरकरण्यात” होतं.

म्हणून सांधा शब्दात ठेवलाच नाही. तुटलेलं उत्तर शेवटच्या पूर्ण परिच्छेदापर्यंत मागे घ्यायचं आणि अर्धा ठराव पुन्हा लिहवून घ्यायचा. आधी वाटलं, शेवटच्या पूर्णविरामापर्यंत मागे यावं. पण इतिवृत्तात “श्री.”, “क्र.”, “रु.” पावलोपावली असतात आणि वाक्य “श्री.” वर संपलेलं निघतं. रिकामी ओळ जास्त भरवशाची:

```python
i = uttar.rfind("\n\n")
purna = uttar[:i] if i > 0 else uttar
```

ती `if` विसरायची नाही. रिकामी ओळ सापडली नाही तर `rfind` -१ देतो आणि शेवटचं अक्षर गुपचूप गळतं.

आता ‘पुढे’ आलं की आधी मागच्या उत्तराचं थांबण्याचं कारण पाहतो. `max_tokens` असेल तर ठराव १० पर्यंतचा मजकूर पाठवून, ११ पासून सुरू करायचं, प्रस्तावना आणि आधीचे ठराव पुन्हा नकोत, अशी सूचना जोडतो. पडद्यावरचा अर्धा ठराव काढून त्या जागी नवा बसवतो. कारण `end_turn` असेल तर उत्तर पूर्ण झालेलं होतं. तिथे ‘पुढे’चा अर्थ ‘आणखी सांग’ असू शकतो, किंवा नेटवर्क गेल्याने पडद्यावर अर्धंच पोचलेलं असतं. दुसऱ्या प्रकारात मॉडेलकडे जायचंच नाही, साठवलेलं उत्तर पुन्हा दाखवायचं. नाहीतर पूर्ण झालेल्या इतिवृत्ताला सभेत न झालेला एकोणिसावा ठराव चिकटतो.

संध्याकाळी तेच टिपण पुन्हा चालवलं, मुद्दाम जुनी २०४८ चीच मर्यादा ठेवून. दोन तुकड्यांत अठरा ठराव एकेकदाच आले. सांधा कुठे आहे ते वाचून कळत नव्हतं. ठराव ९ चा सूचक कोण, ते मात्र सचिवांना वही उघडून पाहायला सांगितलं. सूचक १२ नंबरचे होते. म्हणजे सगळ्यांनी बरोबर धरलेला पहिला तुकडाच तिथे चुकलेला होता.