जर्मन–मराठी अदलाबदल, सत्र ९ ते १४: चुका मागायची पद्धत बदलली

मी जर्मन शिकते, माझा जर्मन जोडीदार माझ्याकडून मराठी शिकतो. आमचं गणित तेच आहे: आठवड्यातून एकदा, एक तास, पंचवीस मिनिटं जर्मन, पंचवीस मराठी आणि उरलेली दहा चुकांसाठी. आठव्या सत्रापर्यंत मी त्याला एवढंच सांगायचे, "चुकलं की सांग." तो "हो" म्हणायचा आणि शेवटी "छान बोललीस" म्हणून मोकळा व्हायचा.

नवव्या सत्राचं त्याच्या परवानगीनं रेकॉर्डिंग केलं आणि नंतर ऐकताना कानच टवकारले. एका जागी मी म्हणते, "इश हाबे नाख हाउझं गेगांगेन." घरी गेले, असं म्हणायचं होतं, पण जाण्या-येण्याच्या क्रियापदांना भूतकाळात 'हाबे' नाही, 'बिन' लागतं. त्यावर तो सहज विचारतो, "आख, डू बिस्ट नाख हाउझं गेगांगेन?" म्हणजे त्यानं चूक सुधारली होती! मला मात्र तो नुसता प्रश्न वाटला. मी "या, या" म्हणजे "हो, हो" म्हणून पुढे निघाले आणि दोन वाक्यांनंतर पुन्हा 'हाबे'. पंचवीस मिनिटांत ही एकच चूक अकरा वेळा. त्यानं चार वेळा अशीच गुपचूप दुरुस्त केली, मी चारही वेळा हुकवली. बाकी सात त्यानं सोडून दिल्या, कारण अर्थ कळत होता.

त्याला दोष कसा देणार? मीही तेच करत होते. तो तीन सत्रं "मी ऑफिसला गेले" म्हणत होता. मराठी बोलणारी त्याच्या ओळखीची एकमेव व्यक्ती मी, तेव्हा त्यानं माझंच रूप उचललं. मला गंमत वाटली, अर्थ लागला, राहून गेलं. पुरुष शिकणारा आणि बाई जोडीदार (किंवा उलट) असेल तर ही गोष्ट पहिल्याच दिवशी बोलून घ्या.

दहाव्या सत्रापासून मागणी नेमकी केली. "आज फक्त भूतकाळातलं हाबे आणि बिन बघ. बाकी काहीही चुकलं तरी बोलताना थांबवू नकोस, चॅटमध्ये टाइप करून ठेव." शिवाय उत्तर द्यायचं नाही. माझं वाक्य चुकीच्या शब्दाच्या आधीपर्यंत म्हणायचं आणि थांबायचं. तो म्हणतो, "इश...?" आणि मी स्वतः "बिन!" म्हणते. यात दोन सेकंदं जातात, पण आता मला ते प्रश्नासारखं ऐकू येत नाही आणि शब्द माझ्याच तोंडून निघतो.

शेवटच्या दहा मिनिटांतली माझी पाच अशी: चॅटमधली तीन-चार वाक्यं मोठ्यानं वाचायची आणि मग तीच गोष्ट पुन्हा सांगायची, पण तीन मिनिटांत. अकराव्या सत्रात चुकलेल्या गाडीची गोष्ट सांगितली. पहिल्यांदा पाच चुका, दुसऱ्यांदा एक. ती एक मजेशीर होती: "त्सू हाउझं गेब्लीबेन", म्हणजे घरीच राहिले. इथे हालचाल शून्य, तरी 'बिन'च लागतं. माझा नियम अर्धवट होता, हे तिथे कळलं.

विचारायची भाषाही बदलली. "हे बरोबर आहे का?" म्हटलं की "हो, चालेल" एवढंच हाती लागतं. "तू मित्राला हे कसं सांगशील?" म्हटलं की अख्खं वाक्य मिळतं, "वी व्युर्डेस्ट डू दास झागेन?" आता माझ्या तोंडात बसलंय. मात्र यात एक खोच आहे. 'वाइल' म्हणजे 'कारण' नंतर क्रियापद शेवटी जायला हवं, पण बोलताना बरेच जर्मन ते मध्येच ठेवतात. त्यामुळे माझं "वाइल इश बिन क्रांक" त्याच्या कानाला खटकलंच नाही. परीक्षेच्या निबंधात मात्र ती चूक धरतील. म्हणून आता दोन्ही विचारते: बोलताना कसं आणि लिहिताना कसं.

त्याच्या मराठीच्या वेळात माझा दोष वेगळा. "मी पत्र लिहिला" ऐकलं की मी लिंग, कर्म सगळं उकलत बसायचे. एकदा त्यात सहा मिनिटं गेली, तीही इंग्रजीत. आता "मी पत्र लिहिलं" म्हणते, मागोमाग "मी चिठ्ठी लिहिली, मी निबंध लिहिला" जोडते आणि थांबते. 'का' विचारलं आणि मला येत नसेल, तर सरळ "माहीत नाही, असंच म्हणतो" सांगते.

सत्र १४ पुन्हा रेकॉर्ड केलं. हाबे-बिनच्या दोनच चुका, दोन्ही घाईत बोलताना. नामाच्या लिंगाप्रमाणे आधी लागणारे 'डेअर, डी, दास' मात्र तितकेच हुकतात, कारण ते अजून मागितलेच नाहीत. पुढची चार सत्रं त्यांची.