डिस्क्रिप्शनमधला पत्ता

"तुमच्या यूट्यूब व्हिडिओंच्या डिस्क्रिप्शनमध्ये फोन नाही, पत्ता नाही, मुलांची नावंही अर्धीच. एवढं काय लपवायचं? तिथे बघतं कोण?"

प्रेक्षक फारसे बघत नाहीत, खरंय. पण व्हिडिओत क्षणभर दिसलेली शाळेची पाटी टिपायला कुणालातरी व्हिडिओ बघत बसावं लागतं. खाली टाइप केलेलं शाळेचं नाव मात्र सर्च केल्याबरोबर समोर येतं.

एका मैत्रिणीचं चॅनल आम्ही दोघींनी मिळून साफ केलं. वाढदिवसाच्या व्हिडिओखाली लेकीचं आडनावासकट नाव, वर 'सातवा वाढदिवस'. गॅदरिंगच्या व्हिडिओखाली शाळा, इयत्ता, तुकडी. आणि प्रत्येक व्हिडिओच्या तळाशी 'पार्सल पाठवायचं असल्यास' म्हणून घरचा पत्ता आणि मोबाइल नंबर. सुटं सुटं वाचलं तर यात काही वावगं वाटत नाही. एकत्र केलं, की शाळेच्या फाटकाशी उभा असलेला परका माणूस पोरीला नावाने हाक मारू शकतो, "आईने पाठवलंय" म्हणून आईचा नंबरही घडाघडा सांगू शकतो. सात वर्षांचं पोर त्याला ओळखीचाच समजणार.

पत्ता प्रत्येक व्हिडिओखाली गेला कसा? यूट्यूब स्टुडिओच्या Settings मध्ये Upload defaults असतं. तिथे लिहिलेलं डिस्क्रिप्शन नव्या अपलोडला आपोआप चिकटतं. मैत्रिणीने ते आधीच पुसलं होतं आणि काम झालं असं समजून ती निवांत होती. पण तिथला बदल फक्त पुढच्या व्हिडिओंना लागू होतो, जुन्यांखालचा मजकूर जिथल्या तिथे राहतो. म्हणून Content मध्ये जाऊन Description चा फिल्टर लावला आणि मोबाइल नंबर, आडनाव, शाळेचं नाव असं एकेक टाकून शोधलं. सगळे व्हिडिओ निवडून डिस्क्रिप्शन एकदम बदलताही येतं, पण सरसकट नवा मजकूर टाकला तर प्रत्येकाखालचं वेगळं लिखाणही पुसलं जातं. थोडेच असतील तर हातानेच करावं. हॅशटॅग आणि लोकेशनचा रकाना विसरू नका. शाळेचं नाव तिथेही लपून बसलेलं असतं.

पुसल्यावरही सर्चमध्ये जुन्या ओळी काही काळ दिसतात. नंबर कुणी आधीच उतरवून घेतला असेल, तर त्यावर आपल्या हातात काहीच उरत नाही. तो नंबर बदलावा की नाही, हे ज्याने त्याने ठरवावं, मैत्रिणीने बदलला.

माझ्याकडे फक्त चॅनलसाठीचा वेगळा ईमेल आहे. त्यात मुलांची नावं नाहीत आणि जन्मसालही नाही (लोक ते हमखास घालतात!). पार्सल पाठवायचं असेल त्याने आधी ईमेल करायचा. मग पत्ता त्या एकालाच जातो, तोही नवऱ्याच्या ऑफिसचा. मुलांना व्हिडिओत आम्ही घरातल्या लाडाच्या नावाने बोलावतो, खालीही तेच लिहितो. गॅदरिंगचा व्हिडिओ टाकलाच, तर कार्यक्रम होऊन बरेच दिवस गेल्यावर, आणि खाली फक्त 'शाळेतलं नाटक'.