तसबिरीची काच आणि प्रकाशाचे पुस्तक

मोबाइलवर फोटो काढणारा माणूस छायाचित्रणाची पुस्तके वाचू लागला की पहिल्यांदा अडखळतो तो ॲपर्चरच्या, म्हणजे लेन्समधून प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राच्या, प्रकरणात. बहुतेक मोबाइलच्या लेन्सचे ॲपर्चर कायमचे ठरलेले असते, त्यामुळे ते कमी-जास्त करून काय साधते हे सांगणारी पाने मी निःसंकोच उलटतो. रचनेवरच्या पुस्तकांत चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग पाडण्याचा नियम हमखास भेटतो. गंमत अशी की जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ साली त्याला नाव दिले, ते चित्रातील उजेड आणि काळोख यांच्या प्रमाणाची चर्चा करताना. पुढे उजेड बाजूला पडला आणि रेघा तेवढ्या उरल्या. म्हणूनच, एकच पुस्तक घ्यायचे असेल तर ते प्रकाशावरचे घ्यावे, असे माझे मत आहे.

माझी पसंती ‘लाइट: सायन्स अँड मॅजिक’ या पुस्तकाला आहे. फिल हंटर आणि पॉल फुक्वा यांचे हे पुस्तक १९९० मध्ये निघाले. त्यातली उदाहरणे स्टुडिओतली असली तरी मुख्य विषय आहे तो वस्तूवर पडलेला प्रकाश परत कसा फिरतो हा, आणि तो मोबाइल पाहून आपला स्वभाव बदलत नाही. चकचकीत पृष्ठभागावर प्रकाश ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. लेखक त्याच्यापुढे जाऊन विचारतात, की कॅमेरा इथे आणि वस्तू तिथे असेल, तर खोलीतला नेमका कोणता भाग त्या वस्तूत दिसेल? त्या भागाकडे जाणाऱ्या कोनांच्या समूहाला ते ‘फॅमिली ऑफ अँगल्स’ म्हणतात.

आजोबांच्या काचेच्या तसबिरीचा फोटो घेण्याचा प्रसंग बहुतेक घरांत केव्हा ना केव्हा येतोच, आणि पहिल्या फोटोत आजोबांच्या कोटावर आपला पांढरा सदरा उमटतो. समजा, तसबीर एक फूट रुंद आहे आणि समोरची भिंत तिच्यापासून आठ फुटांवर आहे. मोबाइल दोन फुटांवर धरला, तर त्या भिंतीचा पाच फूट रुंदीचा पट्टा काचेत दिसतो. तोच मोबाइल चार फुटांवर नेऊन दुप्पट झूम केला, तर तसबीर चौकटीत तेवढीच मोठी राहते, पण भिंतीचा पट्टा तीन फुटांवर येतो. पाच फूट भिंत झाकण्यापेक्षा तीन फूट झाकणे केव्हाही सोपे, गडद रंगाची एक चादर पुरते. मग गडद कपडे घालून उभे राहावे, आणि खिडकीचा उजेड बाजूने, त्या पट्ट्याच्या बाहेरून येऊ द्यावा. उजेड पट्ट्याच्या आत आहे की बाहेर, हे ओळखायला लेन्सच्या जागी डोळा ठेवून काचेत पाहावे. खिडकी दिसली, तर तसबीर थोडी फिरवायची.

मोबाइल मागे नेण्याचा आणखी एक फायदा रचनेकडे जातो. मुख्य लेन्स बरीच रुंद पाहते, म्हणून ‘विषयाच्या जवळ जा’ हा पुस्तकी सल्ला तंतोतंत पाळला, तर माणसाचे नाक फुगते आणि कान मागे जातात. पुस्तकातल्या अशा सल्ल्यामागे बहुधा लांब पल्ल्याची लेन्स गृहीत धरलेली असते, हे वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

काळ्या चादरीमुळे मात्र एक नवी पंचाईत होऊ शकते. चादरीची कड किंवा तसबिरीची गडद चौकट फोटोत मोठी आली, तर मोबाइल सगळेच उजळ करू पाहतो आणि आजोबांचा चेहरा पांढुरका होतो. अशा वेळी चेहऱ्यावर बोट दाबून धरावे, फोकस आणि एक्स्पोजर लॉक झाले की स्क्रीनवरचे सूर्याचे चिन्ह थोडे खाली ओढावे. सावल्या आपणहून उजळण्याची मोबाइलची खोड यानेही पूर्ण जात नाही. पुस्तकातल्यासारखी दाट सावली हवी असेल, तर ती नंतर एडिटिंगमध्ये गडद करावी लागते.

हाच हिशेब पितळेच्या तांब्याला लावला की उलटा होतो. घासून लखलखीत केलेल्या धातूचे रूप म्हणजे त्यात दिसणारी खोलीच, त्यामुळे इथे उजेड पट्ट्याच्या बाहेर ठेवला तर तांब्या काळपट, मळकट येतो. त्याला उजळ करायचे तर पांढरी चादर त्या पट्ट्याच्या आत, तांब्याच्या अगदी जवळ धरावी आणि तिच्यावर खिडकीचा उजेड पडू द्यावा. शिवाय तांब्या गोल असल्याने त्याचा पट्टा जवळजवळ सगळी खोली व्यापतो, म्हणून चादर दोन्ही बाजूंनी वळवून घ्यावी लागते. एवढे करूनही तांब्याच्या पोटावर मोबाइल आणि धरणाऱ्याचा हात दिसतोच; मागे सरकून झूम केल्याने तो ठिपक्याएवढा होतो, आणि तेवढा ठिपका एडिटिंगमध्ये सहज पुसता येतो.